लाजऱ्या मुलाची गोष्ट लिहिताना

वर्गात तोंड न उघडणारा मुलगा, शाळेतला निरोप समारंभ, हातात कवितेचा कागद आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट. ही गोष्ट लिहावीशी वाटणारे अनेक जण असतात. शाळेच्या हस्तलिखितासाठी, बालमासिकासाठी किंवा एखाद्या कथास्पर्धेसाठी ती सुचते, कारण असा मुलगा प्रत्येक वर्गात असतो आणि तो कधीतरी बोलावा असं आपल्याला मनापासून वाटतं. पण लिहिताना बहुतेकांची गोष्ट एकाच ठिकाणी कोसळते. मुलगा थरथरत व्यासपीठावर जातो, डोळे मिटतो आणि पुढच्याच वाक्यात त्याच्या तोंडून खणखणीत शब्द बाहेर पडू लागतात. हे कसं घडलं, याचं उत्तर कथेत कुठेच नसतं. वाचक ते मान्य करतो, पण त्याला ते खरं वाटत नाही. माझं म्हणणं असं आहे की अशा मुलाचा आवाज व्यासपीठावर जन्माला येत नाही. तो आधीपासून त्याच्याजवळ असतो, एखाद्याच ठिकाणी, एखाद्याच माणसापुढे. समारंभात तो चारचौघांत येतो, एवढंच. म्हणून गोष्ट लिहिणाऱ्याने आपली सगळी मेहनत समारंभाच्या आधीच्या पानांवर करावी. तिथे आवाज दाखवला, तर व्यासपीठावरचा प्रसंग फार कमी शब्दांत उभा राहतो. तिथे दाखवला नाही, तर व्यासपीठावर कितीही विशेषणं खर्चली तरी तो उभा राहत नाही.

हे म्हणणं निव्वळ आवडीनिवडीचं नाही, त्याला आधार आहे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली माणसांच्या उपस्थितीचा कामावर काय परिणाम होतो, याबद्दलचे तोवरचे परस्परविरोधी निष्कर्ष एका सूत्रात बांधले. जी गोष्ट अंगवळणी पडली आहे ती लोकांसमोर अधिक चांगली होते, आणि जी अजून नीट जमलेली नाही ती लोकांसमोर आणखी बिघडते, असं ते सूत्र आहे. आपल्या कथेतल्या मुलाला ते लावून पाहा. ज्याने ती कविता कधी मोठ्याने म्हटलेलीच नाही, त्याला दोनशे माणसांसमोर ती अचानक जमणार नाही. उलट एरवी जमली असती तेवढीही जमणार नाही. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातलं उदाहरणही हेच सांगतं. जळगावला १९०७ साली भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या किशोरवयीन मुलाने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. एका कवितावाचनाने माणसाला नवं नाव मिळाल्याचा हा प्रसंग आहे. पण तो मुलगा त्याआधी काही वर्षं कविता लिहीत होता. संमेलनाने त्याला लोकांपुढे आणलं, कवी केलं नाही. तुमच्या कथेतल्या समारंभाकडूनही एवढीच अपेक्षा ठेवा.

आता एक गोष्ट प्रत्यक्ष बांधून पाहू. पहिला निर्णय हा की निरोप कोणाला? सवयीने आपण दहावीचा निरोप समारंभ घेतो. बोर्डाच्या परीक्षेआधी होणारा, नववीच्या मुलांनी मांडलेला, मनोगतं, भेटवस्तू आणि अल्पोपाहार असा ठरलेला कार्यक्रम. त्यात अडचण अशी की निरोप सगळ्यांनाच असतो, त्यामुळे आपल्या मुलाला बोलण्याचं स्वतःचं असं कारण उरत नाही. वाचणाऱ्याला ‘मग यानेच का बोलावं?’ असा प्रश्न पडतो आणि लेखक त्याचं उत्तर शिक्षकांच्या आग्रहात शोधतो. त्यापेक्षा निरोप एका माणसाला असू द्या. समजा, तालुक्याच्या गावातली एक माध्यमिक शाळा आहे आणि तिथले शिपाईमामा निवृत्त होत आहेत. आपला मुलगा नववीत आहे, त्याचं नाव सुमित ठेवू. तो वाडीवरून पहिल्या एसटीने येतो. दुसरी गाडी शाळा भरल्यानंतर पोचते, म्हणून त्याला पहिलीच धरावी लागते. त्यामुळे शाळा उघडायच्या वेळी तिथे दोनच माणसं असतात, मामा आणि तो. या एका व्यवस्थेतून कथेला बरंच काही मिळतं. मुलगा लवकर का येतो, मामांशी त्याची ओळख कशी झाली आणि मामा गेल्यावर त्याचं नेमकं काय जाणार, ही तिन्ही उत्तरं एसटीच्या वेळापत्रकातच आहेत. कथेत कारणं अशीच यावीत, परिस्थितीतून.

यानंतर तो आधीचा आवाज ऐकवायचा. इथे घाई करू नका, कारण सगळी कथा याच प्रसंगावर उभी आहे. मामा एकेका खोलीचं कुलूप काढतात, सुमित खिडक्या उघडत पुढे जातो आणि दोघं बोलत असतात. तो काय बोलतो, ते संवादात द्या. ‘मामांशी मात्र तो मनमोकळं बोलायचा’ असं सांगून मोकळे होऊ नका. सातवीच्या वर्गाचं कुलूप कोरडं पडलंय, त्यात खोबरेल घालू नका, धूळ चिकटते, पेन्सिलीचं शिसं कुटून घाला, असं तो मामांना ठासून सांगतो. मामा म्हणतात, ‘बरं मास्तर.’ म्हणजे हा मुलगा सल्ला देतो, वाद घालतो, थट्टाही ऐकून घेतो. मग घंटा होते, वर्ग भरतो, हजेरी सुरू होते आणि त्याचं ‘हजर’ पहिल्या बाकाच्या पुढे जात नाही. एकदोनदा त्याची गैरहजेरी लागते आणि ती दुरुस्त करायलाही तो उठत नाही. सकाळी सहज बोलणारा आणि तासाभरात गप्प झालेला एकच मुलगा शेजारी शेजारी दिसला की वाचकाला कळतं की याच्याकडे आवाज आहे, फक्त तो ठरावीक जागीच निघतो. ‘तो फार लाजाळू होता’ हे वाक्य मग लिहावं लागत नाही. लाजरेपणा हा स्वभावाचा शिक्का म्हणून सांगितला की निर्जीव वाटतो. तो कुठे असतो आणि कुठे नसतो हे दाखवलं की जिवंत होतो.

तिसरी पायरी, तो व्यासपीठापर्यंत पोचतो कसा. बाईंना वहीच्या शेवटच्या पानावर कविता सापडते आणि त्या त्याला पुढे ढकलतात, हा मार्ग सोपा आहे. पण त्यात कथेतला सगळ्यात मोठा निर्णय बाई घेतात आणि मुलगा ढकललेला राहतो. निर्णय त्यालाच घेऊ द्या. फलकावर कार्यक्रमपत्रिका लागते: दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, संस्थेच्या सचिवांचं भाषण, दोन शिक्षकांची मनोगतं, मुख्याध्यापकांचं अध्यक्षीय भाषण आणि आभार. सुमित ती वाचतो आणि त्याच्या लक्षात येतं की बोलणाऱ्यांपैकी कोणीही सकाळी साडेसहाला शाळेत नसतं. मामांची सकाळ फक्त त्याला माहीत आहे. ती तो सांगणार नसेल तर कोणीच सांगणार नाही. म्हणून तो मराठीच्या बाईंच्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवतो, ‘मी मामांवर कविता वाचू का?’ विचारायला तोंड उघडत नाही, म्हणून चिठ्ठी. खरं धाडस इथे आहे, आणि ते अगदी त्याच्या स्वभावाला धरून आहे. बाईंना फार भावुक करू नका. त्या पत्रिकेत पेनाने एक ओळ वाढवतात आणि दोन कामाच्या गोष्टी सांगतात: कागद पुठ्ठ्यावर चिकटव, म्हणजे हलणार नाही, आणि घरी मोठ्याने वाच, मनात नको. चांगला शिक्षक घाबरलेल्या मुलाला साधारण एवढंच सांगतो.

मोठ्याने वाचायचा सल्ला कथेत वाया जाऊ देऊ नका, कारण आवाजाची खरी घडण त्यातच होते. मनात वाचताना श्वास लागत नाही. मोठ्याने वाचताना तो कुठे घ्यायचा हे ठरवावं लागतं. घाबरलेला माणूस छातीच्या वरच्या भागातून आखूड श्वास घेतो, त्यामुळे आवाज वर चढतो, ओळीच्या शेवटी विरतो आणि वेग वाढतो. म्हणून मुलाच्या हातात कोणत्या छंदातली कविता आहे, याला महत्त्व आहे. मंदाक्रांतेच्या सतरा अक्षरांची ओळ त्याला पेलणार नाही. मुक्तछंदात कुठे थांबायचं हे वाचणाऱ्याने ठरवायचं असतं आणि त्याला तर थांबायचीच भीती वाटते. अष्टाक्षरी त्याला जमेल. ओवी-अभंगांच्या कुळातली असल्याने ती त्याच्या कानात आहे, ओळ आठ अक्षरांची आहे आणि दोन ओळी झाल्या की आपोआप थांबायची जागा येते. नववीतला मुलगा लिहील अशा चार ओळी पाहा:

किल्ल्या वाजल्या की मामा,
शाळा जागी होई सारी;
तुम्ही गेल्यावर घंटा
कोण वाजवील दारी?

ही थोर कविता नाही आणि कथेत ती थोर असूही नये. मुलाच्या कवितेत प्रौढाची प्रतिभा आली की वाचकाला कवितेच्या पाठीमागे लेखक दिसू लागतो. पण या चार ओळींत त्याच्या सकाळच्या वस्तू आहेत, मामांना थेट हाक आहे आणि शेवटी एक खरा प्रश्न आहे. कथेत त्याने ती धाकट्या बहिणीला वाचून दाखवली असं दाखवा. पहिल्या वेळी चौथ्या ओळीवर त्याला धाप लागते. तिसऱ्या दिवशी त्याला सापडतं की ‘सारी’नंतर थांबलं तर ‘तुम्ही’ हा शब्द पूर्ण श्वासाने म्हणता येतो. एवढा शोध पुरे. आणि त्याने ती चालीवर गाऊ नये, वाचावी. रविकिरण मंडळाच्या कवींनी कविता गाऊन लोकांपर्यंत नेली आणि पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी गावोगाव काव्यवाचनं केली. आपल्याकडे दोन्ही परंपरा आहेत. पण गाताना चाल माणसाला सांभाळून घेते. वाचताना स्वतःचा बोलण्याचा आवाजच पुढे करावा लागतो, आणि आपली गोष्ट त्या आवाजाचीच आहे.

आता समारंभ. इथे लेखकाने मंचावरच्या वस्तू नीट पाहाव्यात, कारण भीती वस्तूंतून दिसते. माईक आधी बोललेल्या मुख्याध्यापकांच्या उंचीवर आहे आणि सुमितच्या कपाळाला लागतो आहे. तो खाली करायचा तर स्टँडचा स्क्रू सैल करावा लागतो, आणि हे तो कोणाला सांगणार? तो तसाच वाचायला लागतो. तोंड कोरडं पडलेलं असल्यामुळे पहिला शब्द टाळूला चिकटतो. पुठ्ठा हलत नाही, पण पुठ्ठा धरलेला अंगठा पांढरा झाला आहे. मग भोंग्यातून स्वतःचा आवाज येतो आणि तो दचकतो. आपला आवाज आपण एरवी हवेतून आणि कवटीच्या हाडांतूनही ऐकतो, त्यामुळे तो आपल्याला भरदार वाटतो. भोंग्यातून फक्त हवेतला येतो, म्हणून तो पातळ आणि परका वाटतो. कथेत हे शास्त्र सांगायचं नाही. ‘हा कोण बोलतोय, असं त्याला वाटलं,’ एवढं पुरेल, पण त्यामागचं कारण लेखकाला माहीत असावं, म्हणजे तपशील योग्य जागी पडतो. दुसऱ्या ओळीवर मागून कोणीतरी ओरडतं, ‘ऐकू येत नाही!’ आणि तो थांबतो. ही थांबण्याची जागा कथेचा कणा आहे. इथून तो डोळे मिटून अचानक शूर झाला तर सगळं वाया गेलं.

त्याऐवजी काय घडेल, हे आधीच्या पानांवर शोधा. शाळेतल्या प्रत्येक कार्यक्रमात माईक कोण लावत आलं आहे? मामा. आज ते शाल पांघरून, हारात, पाहुण्यांच्या खुर्चीत बसले आहेत. पण माईक उंच आहे हे सगळ्यांत आधी त्यांना दिसतं. ते नारळ खुर्चीवर ठेवतात, उठतात, स्क्रू सैल करतात, दांडा खाली घेतात, बोटाने टक् टक् करून पाहतात आणि म्हणतात, ‘हं, बोल मास्तर.’ त्या क्षणी सुमितच्या समोर हातभर अंतरावर तोच माणूस उभा आहे ज्याच्याशी तो रोज सकाळी बोलतो. तो त्याच्याशीच बोलतो, पहिल्या ओळीपासून पुन्हा. ‘सारी’नंतर थांबतो, श्वास घेतो आणि ‘तुम्ही’ म्हणतो. आवाज मोठा झालेला नाही, तो सकाळचाच आहे; आता फक्त भोंगा तो मैदानाच्या टोकापर्यंत नेतो आहे. वाचकाला यात चमत्कार दिसत नाही, कारण कुलूप, मामा, श्वास आणि ‘मास्तर’ हा शब्द हे सगळं त्याच्या ओळखीचं झालेलं आहे. इथे लेखकाने एकही विशेषण घालू नये. ‘त्याला त्याचा आवाज सापडला’ हे वाक्य तर मुळीच नको. तो वाचकाने ऐकलेला आहे.

निवेदन कोणाच्या डोळ्यांनी करायचं, हेही याच प्रसंगात ठरतं. थॉमस गिलोविच आणि केनेथ सॅवित्स्की यांनी प्रयोगांतून दाखवलं आहे की लोकांसमोर बोलणाऱ्याला आपली घाबरगुंडी सगळ्यांना दिसते आहे असं वाटतं, प्रत्यक्षात ती ऐकणाऱ्यांना त्याहून बरीच कमी दिसते. आपल्या कथेसाठी ही मोलाची गोष्ट आहे. निवेदन सुमितच्या नजरेतूनच राहिलं तर थरथर मोठी वाटेल, जीव घाबरा होईल, आणि नंतर एखाद्या साध्या वाक्याने वाचकाला कळेल की इतरांना ती दिसलीच नव्हती. कार्यक्रमानंतर पोह्यांची बशी देताना वर्गातली मुलगी म्हणते, ‘माईक बिघडला होता का रे?’ तिच्या दृष्टीने अडचण माईकची होती, त्याची नव्हती. पण निवेदन मध्येच प्रेक्षकांत उडी मारून ‘सारे श्वास रोखून ऐकत होते’ असं सांगू लागलं, तर हा फरक पुसला जातो. दोनशे माणसं श्वास रोखत नाहीत. कोणी वेफरचं पाकीट फोडतं, कोणी घड्याळाकडे बघतं. घाबरलेल्या मुलाला ते पाकीट मात्र हमखास ऐकू येतं.

टाळ्या होतील, शाळेत प्रत्येकाला होतात. त्या एका वाक्यात उरका. कथेचा शेवट टाळ्यांवर केला तर तुम्ही नकळत असं सांगता की मुलाच्या आवाजाची किंमत लोकांनी ठरवली. शेवट दुसऱ्या दिवशी सकाळी करा. पहिली एसटी, बंद शाळा आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा असलेला अनोळखी नवा शिपाई. तो एकामागून एक किल्ली लावून पाहतो आहे. सुमित थोडा वेळ बघतो आणि मग म्हणतो, ‘ती नाही. पितळी, बारकी.’ त्याने अनोळखी माणसाशी आपणहून बोलायला सुरुवात केली, एवढाच बदल. तो इतका लहान आहे म्हणूनच टिकणारा वाटतो. त्याच्या जागी वक्तृत्व स्पर्धेतलं पहिलं बक्षीस लिहून पाहा; आधीच्या समारंभातला खरेपणाही ओसरायला लागेल.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही गोष्ट मुलांसाठी आहे, मुलांना मोठा आनंद हवा असतो आणि किल्ली सांगण्यात कसला आनंद? आक्षेप रास्त आहे. मुलांच्या कथेत आशा असायलाच हवी. पण वाचणाऱ्यांत तो लाजरा मुलगाही असतो, आणि त्याचा विचार आधी करायला हवा. एका क्षणात सिंह झालेला नायक वाचून तो स्वतःला विचारतो, मला हे का होत नाही? उत्तर मिळत नाही म्हणून त्याचा संकोच वाढतो. चिठ्ठी लिहिणं, कागद पुठ्ठ्यावर चिकटवणं, बहिणीला वाचून दाखवणं, कुठे श्वास घ्यायचा ते ठरवणं, समोर ओळखीचा एक चेहरा शोधणं, या गोष्टी मात्र तो उद्या करू शकतो. मुलांना थरारही मिळतोच. ‘ऐकू येत नाही’ या ओरडण्यापासून मामांच्या उठण्यापर्यंतचा वेळ कोणत्याही मुलाला लांब वाटेल. आनंद कमी करायचा नाही, त्याला कारण द्यायचं आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अबोल मुलाला बोलतं करूनच गोष्ट पूर्ण का व्हावी? शांत असणं हा दोष आहे का? जेरोम केगन यांनी अनेक वर्षं मुलांचा पाठपुरावा करून दाखवलं की काही मुलं तान्हेपणापासूनच नव्या माणसांपुढे आणि नव्या जागी बिचकतात. तो त्यांचा जन्मजात कल असतो आणि वयाबरोबर तो काहींमध्ये सौम्य होतो, काहींमध्ये टिकतो. त्यामुळे कथेने अबोलपणा बरा करायच्या भानगडीत पडू नये. आपल्या कथेत सुमित शेवटीही कमीच बोलतो. त्याला एक गोष्ट सांगायची होती, ती राहून जाणार होती आणि त्याने ती सांगितली. ज्याला सांगायचंच काही नाही अशा मुलाला व्यासपीठावर उभं करणारी गोष्ट लिहू नये, असं मीही म्हणेन. आणि एखादं मूल घराबाहेर एक शब्दही बोलत नसेल, महिनोन्महिने तसंच चालत असेल, तर तो कथेतला लाजरेपणा राहत नाही. त्याला तज्ज्ञाची मदत लागते. कवितेने तेही सुटतं, असा समज कथेने पसरवू नये.

तिसरा आक्षेप जागेचा. दीड-दोन हजार शब्दांत एवढं सगळं मावेल का? मावतं, वाटणी नीट केली तर. अठराशे शब्दांची कथा धरली तर सकाळचा प्रसंग आणि हजेरी यांना सहाशे द्या, पत्रिका, चिठ्ठी आणि सराव यांना पाचशे, समारंभाला पाचशे आणि दुसऱ्या दिवसाला दोनशे. बहुतेक कच्च्या कथांत ही वाटणी उलटी असते. निम्म्याहून अधिक शब्द व्यासपीठावर खर्च होतात आणि तिथे लेखकाला सांगण्यासारखं काही नसल्यामुळे ते शब्द भावना सांगण्यात जातात. जागा कमी पडली तर पात्रं कमी करा. चिडवणारा मुलगा, हळहळणारी आई, अभिमानाने ऊर भरून आलेले वडील यांची या कथेला गरज नाही. मामा, बाई, बहीण आणि पोह्यांची बशी देणारी मुलगी, एवढी माणसं पुरतात, आणि त्यातलं प्रत्येक जण एकेकच काम करतं.

लिहून झाल्यावर कथा आठवडाभर बाजूला ठेवा आणि मग तीन गोष्टी तपासा. टाळ्यांचं वाक्य खोडून वाचा. कथा तरीही पूर्ण वाटली तर बरी जमली, अर्धवट वाटली तर तिचा भार टाळ्यांवर आहे. मग व्यासपीठावरच्या परिच्छेदातल्या प्रत्येक वस्तूखाली रेघ मारा आणि ती आधी कुठे आली आहे ते शोधा. माईक, मामा, ‘मास्तर’ हा शब्द, श्वासाची जागा यांपैकी जे तिथेच पहिल्यांदा उगवलं असेल ते मागच्या पानांवर पेरा. शेवटी मुलाची कविता स्वतः उभं राहून मोठ्याने वाचा. तुमचा श्वास जिथे तुटेल तिथे त्याचाही तुटणार आहे, आणि कथेला हवा असलेला खरा तपशील तुम्हाला तिथेच मिळेल. या तीन तपासण्यांनंतरही कथा उभी राहिली तर ती पाठवा. नाही राहिली, तर समारंभ तसाच ठेवा आणि पहिली सहा पानं पुन्हा लिहा.